भिंत नसलेल्या तुरुंगात कोण जातं?

आम्ही जयपूरला नऊ वर्षं राहिलो. 2014 साली ह्यांच्या बदलीमुळे गेलो आणि 2023 साली परत आपल्या इंदूरला आलो. आमची सोसायटी शहराच्या दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूला होती. सांगानेर म्हटलं की लोकांना ठशांनी छापलेल्या चादरी, दुपट्टे आणि हातकागद आठवतो. मला मात्र आमच्या सोसायटीचे इलेक्ट्रिशियन आठवतात. सगळे त्यांना ‘मिस्त्रीजी’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. पंखा, गीझर, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर, सगळं तेच बघायचे. ते खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेचे कैदी होते. ‘होते’ म्हणजे शिक्षा भोगून सुटलेले नव्हेत. आमचा पंखा दुरुस्त करत असतानाही त्यांची शिक्षा चालूच होती.

मंडळातल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काकू, मग ते बाहेर कसे?” मी म्हणते, ते बाहेर नव्हते, तुरुंगातच होते. फक्त त्या तुरुंगाला भिंत नव्हती. मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त चांगला आहे : “पण अशा ठिकाणी खुनी माणसाला कोण पाठवतं?” हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

सांगानेरच्या या जागेचं नाव श्री संपूर्णानंद खुला बंदी शिविर. 1963 पासून ते चालू आहे. संपूर्णानंद त्या वेळी राजस्थानचे राज्यपाल होते. त्याआधी, ते उत्तर प्रदेश सरकारात असताना, 1952 च्या सुमारास चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामाला कैदी नेले होते आणि त्यांना उघड्या छावणीत ठेवलं होतं. तो अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सांगानेरात कैदी बराकीत राहत नाहीत. लहान लहान घरं आहेत, त्यातली बरीच कैद्यांनी स्वतः उभी केलेली किंवा वाढवलेली. बायकामुलं बरोबर राहू शकतात. सरकार जेवण देत नाही. कैद्याने गावात जाऊन काम शोधायचं, कमवायचं आणि घर चालवायचं. कुणी रिक्षा चालवतं, कुणी दुकानात काम करतं, कुणी शिकवतं. मुलं जवळच्या शाळांत जातात. वस्तीतले रोजचे प्रश्न कैद्यांचीच पंचायत बघते.

मग तुरुंग कुठे उरला? तो उरतो गिनतीत. सकाळी आणि संध्याकाळी हजेरी होते, तिला तिथे गिनती म्हणतात. त्या वेळी कैद्याने हजर असायलाच हवं. परवानगीशिवाय ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. एवढी दोनच बंधनं, पण ती अगदी पक्की.

त्यांचा पक्केपणा आम्ही एकदा बघितला. उन्हाळ्याचे दिवस होते आणि आमच्या विंगचा मीटर बोर्ड जळला. मिस्त्रीजी दुपारपासून काम करत होते. अर्ध्या वायरी सुटलेल्या, सगळी घरं भट्टीसारखी तापलेली. साडेपाच वाजले तसे त्यांनी पक्कड पेटीत ठेवली, सुटलेल्या वायरींच्या टोकांना टेप गुंडाळला आणि निघाले. खालच्या मजल्यावरच्या भाभी चांगल्याच चिडल्या. अर्धा तास थांबा म्हणाल्या, दुप्पट पैसे देते म्हणाल्या. मिस्त्रीजींनी हात जोडले. “भाभीजी, वायर उद्या जोडता येईल. आजची गिनती उद्या होत नाही.” सकाळची गिनती झाली की ते लगेच आले आणि आठच्या आत वीज सुरू झाली. ती रात्र आम्ही सगळ्यांनी गच्चीत काढली.

त्या रात्री गच्चीत चर्चा मात्र झाली. त्यांची हकिगत सोसायटीच्या कमिटीला माहीत होती, पण नव्याने राहायला आलेल्यांना नव्हती. पुढच्या रविवारी मीटिंग बोलावली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत, त्यांना सगळे अंकलजी म्हणत. त्यांनी उभं राहून विचारलं : “मागच्या वर्षी माझी सायकल चोरणारा पोरगा जेलमध्ये कुलपाआड बसलाय, आणि माणूस मारणारा आमच्या घरात शिडी लावून उभा राहतो. हा कुठला न्याय?”

त्या दिवशी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. पुढे मी मिस्त्रीजींना विचारलं, ओळखीच्या एका वकीलबाईंकडून नियम समजून घेतले, थोडं वाचलंही. त्यातून जे कळलं ते सांगते.

माणूस तुरुंगाच्या दारातून आत गेला की त्याचे कागद तयार होतात आणि त्या कागदांवरून त्याचे भाग पडत जातात. पहिला भाग कच्चा कैदी की पक्का. खटला चालू असेल तो कच्चा, शिक्षा झाली की पक्का. मग पुरुष की बाई. मग वय, कारण तरुण पोरांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं असतं. आणि पक्क्या कैद्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा शिक्का म्हणजे ‘प्रथम गुन्हेगार’ की ‘सराईत’. हे सगळं त्याच्या हिस्ट्री टिकिटावर चढतं. या टिकिटावर पुढे वर्षानुवर्षं नोंदी होत राहतात : कुठलं काम केलं, किती दिवसांची माफी मिळाली, कधी शिक्षा झाली, पॅरोलवरून कधी परत आला.

यावरून त्याची जागा ठरते. काहींना वेगळ्या कोठडीत, जादा पहाऱ्यात ठेवतात. बहुतेक जण मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृहाच्या बराकीत राहतात. काही थोड्यांना अर्धखुल्या भागात पाठवतात, म्हणजे भिंतीबाहेर पण आवाराच्या आत काम. आणि त्याहून थोड्यांना खुल्या कारागृहात. ऐकायला ही शिडी वाटते, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या कैद्याला आधी मोकळं ठेवून बघू आणि गरज पडली तर बंद करू, असं इथे होत नाही. सगळे जण आधी बंद तुरुंगात जातात. वर चढण्यासाठी प्रत्येकाला काही वर्षांची नोंद दाखवावी लागते.

आता मिस्त्रीजींची शिडी बघा. त्यांच्या गावी शेताच्या बांधावरून भांडण झालं, काठ्या चालल्या आणि भाऊबंदकीतला एक जण गेला. ते 2009 साली आत गेले. 2011 साली जन्मठेप झाली. खटल्याच्या काळात आत काढलेली वर्षं शिक्षेत धरली गेली. जन्मठेप म्हणजे कायद्याने आयुष्यभराची कैद. पण शिक्षेचा ‘तिसरा हिस्सा’, ‘चौथा हिस्सा’ काढायचा तर आयुष्य किती वर्षांचं धरणार? म्हणून अशा हिशेबापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरतात.

राजस्थानच्या त्या वेळच्या पॅरोलच्या नियमांप्रमाणे, माफी धरून शिक्षेचा चौथा हिस्सा भरला की पहिला पॅरोल मिळू शकत होता. वीसचा चौथा हिस्सा पाच वर्षं. चांगलं काम आणि चांगली वागणूक यासाठी दर महिन्याला काही दिवसांची माफी मिळते, त्यामुळे प्रत्यक्षात पाच वर्षं पुरी होण्याच्या थोडं आधीच मिस्त्रीजींचा हिशेब भरला. पहिला पॅरोल वीस दिवसांचा. ते गावी गेले आणि विसाव्या दिवशी जेलच्या दारात परत आले. दुसरा पॅरोल तीस दिवसांचा. तेव्हाही वेळेवर परत आले.

खुल्या शिबिरासाठी राजस्थानचे 1972 चे वेगळे नियम आहेत. त्यात माफी धरून शिक्षेचा तिसरा हिस्सा भरलेला हवा. वीसचा तिसरा हिस्सा सहा वर्षं आठ महिने. हा आकडा मिस्त्रीजींच्या अगदी तोंडावर होता. ते म्हणत, बराकीत लोक लग्नाची तारीख मोजावी तसे हे महिने मोजतात. पण महिने भरले म्हणजे हक्क मिळाला असं नाही. अधिकाऱ्यांची समिती यादी करते, टिकिट बघते, जागा किती आहे ते बघते. मिस्त्रीजींचं नाव यादीत यायला आणखी काही महिने गेले. 2016 साली ते सांगानेरला आले आणि पुढच्या वर्षापासून आमच्याकडे काम करू लागले.

म्हणजे आमच्या दारात शिडी लावून उभा राहिलेला माणूस कुणी अंदाजाने सोडलेला नव्हता. त्याच्यामागे सात वर्षांची नोंद होती. त्यात पन्नास दिवस असे होते की त्याला पळून जायला कुणी अडवलं नसतं, आणि तो पळाला नव्हता. खुल्या तुरुंगात पाठवण्याआधीची खरी परीक्षा हीच आहे. समितीसमोर कैदी काय बोलतो, किती पश्चात्ताप दाखवतो, याला फार अर्थ नसतो. तो दार उघडं असताना परत आला का, हे बघायचं असतं.

आता अंकलजींच्या प्रश्नाकडे येते. खुनी आधी आणि चोर मागे का?

पहिलं कारण म्हणजे वेळ. जन्मठेपेच्या कैद्याची पारख करायला वर्षं असतात. सायकल चोरणाऱ्याला शिक्षा होते काही महिन्यांची, फार तर दोन-तीन वर्षांची. त्यातला मोठा भाग तो कच्चा कैदी म्हणूनच काढतो. आपल्या देशात तुरुंगात असलेल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, आणि खुलं कारागृह फक्त पक्क्यांसाठी असतं. म्हणजे ज्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, ते सगळे भिंतीआड असतात. चोराचं टिकिट भरायच्या आत त्याची शिक्षा संपते. मग तो बाहेर येतो, पुन्हा पकडला जातो आणि नवं टिकिट तयार होतं.

दुसरं कारण गुन्ह्याच्या स्वभावात आहे. बांधावरचं भांडण, भावाभावांतला जुना राग, दारूच्या भरातली मारामारी यातून झालेले खून पुष्कळ असतात. असा माणूस त्याआधी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेला नसतो. त्याच्या हातून घडलं ते भयंकर असतं, पण तो खून हा त्याचा धंदा नसतो. त्याला शेत असतं, घर असतं, बायकामुलं असतात, म्हणजे परत येण्यासारखं काहीतरी असतं. तुरुंगाचे अधिकारी ज्या दोन गोष्टी बघतात, हा पळेल का आणि हा बाहेर कुणाला इजा करील का, त्या दोन्हींचं उत्तर अशा माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. गुन्हा किती मोठा आणि माणूस आज किती धोकादायक, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कोर्ट देतं, वर्षांच्या हिशेबात. दुसऱ्याचं उत्तर तुरुंगाने द्यायचं असतं. आपण दोन्ही एकच समजतो, म्हणून मिस्त्रीजींसारखा माणूस बघून बिचकतो.

मात्र सगळेच खुनी इथे येतात असं समजू नका. टोळीने किंवा सुपारी घेऊन केलेले खून वेगळे बघितले जातात. दरोडा, जबरी चोरी अशा कलमांखाली शिक्षा झालेल्यांना नियम दारातच थांबवतात. पॅरोलवरून किंवा कोठडीतून एकदा जरी पळालेला असेल, तरी दार बंद.

आणि दार बंद होतं ‘सराईत’ या शिक्क्यानेही. ऐकायला हे बरोबरच वाटतं. जो पुन्हा पुन्हा गुन्हा करतो त्याला मोकळं कसं ठेवणार? पण हा शिक्का कोण आणि कशावरून मारतं, ते बघायला हवं.

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची नावं नोंदवली, हजेऱ्या लावल्या. महाराष्ट्रातले पारधी त्यातलेच. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची मोठी वसाहत होती. 1952 साली तो कायदा गेला, म्हणून आज त्यांना विमुक्त म्हणतात. पण अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत ‘सराईत’ची व्याख्या जुनीच राहिली. अशा जमातीतला, किंवा ‘भटकण्याच्या सवयीचा’ माणूस असेल तर आधीची शिक्षा झालेली नसली तरी त्याला सराईत गणावं, अशा अर्थाची वाक्यं त्यात होती. आतल्या कामांची वाटणीसुद्धा जातीवरून होती. स्वयंपाक वरच्या जातींकडे आणि झाडू-संडास ठरावीक जातींकडे. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे लिहून उजेडात आणलं आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि राज्यांना नियमावल्या दुरुस्त करायला मुदत दिली.

म्हणजे 2009 साली मिस्त्रीजींबरोबर त्याच दारातून एखादा पारधी तरुण आत गेला असता, तर दोघांचा गुन्हा सारखा असूनही पहिल्याच दिवशी दोघांच्या वाटा वेगळ्या होऊ शकल्या असत्या. एकाच्या टिकिटावर ‘प्रथम’ आणि दुसऱ्याच्या टिकिटावर ‘सराईत’. सहा वर्षं आठ महिन्यांनी समिती यादी करायला बसली असती तेव्हा दुसऱ्याचा कागद तिच्यापर्यंत पोचलाही नसता. तो चांगला वागला की वाईट, हे कुणी बघितलंच नसतं. खुल्या तुरुंगाचं दार असं फार आधी, आत येताना भरलेल्या एका रकान्यात बंद होतं. नियम बदलले तरी जुनी टिकिटं नव्याने तपासली गेली का, हे प्रत्येक राज्यात विचारायला हवं.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. ती सुरू झाली 1939 साली, सांगानेरच्या चोवीस वर्षं आधी. तेव्हा ते गाव औंध संस्थानात होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेकडे सोपवली होती. त्या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर पुढे होते. कैद्यांना बेड्यांशिवाय, जमीन कसत, कुटुंबासह राहू द्यावं ही कल्पना फ्रीडमन यांची. शेजारच्याच माडगुळ्याच्या गदिमांनी पुढे यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना तो नक्की आठवत असेल.

सिनेमात जेलर सहा खतरनाक कैदी निवडतो आणि आपल्या नजरेच्या जोरावर त्यांना माणसात आणतो. मला तो सिनेमा आवडतो. पण सांगानेर बघितल्यावर वाटतं की प्रत्यक्षातली गोष्ट त्याच्या बरीच उलटी आहे. खतरनाक म्हणून शिक्का बसलेल्यांना कुणी निवडत नाही. आणि हे सगळं एका भल्या जेलरच्या डोळ्यांवर चालत नाही, नाहीतर त्याची बदली झाली की संपलं असतं. ते चालतं कैद्याच्या स्वतःच्या हिशेबावर. सांगानेरच्या माणसाकडे गमवण्यासारखं पुष्कळ असतं. घर, कमाई, मुलांची शाळा. एक गिनती चुकली, कारण पटलं नाही, तर त्याला परत बंद तुरुंगात पाठवू शकतात आणि कुटुंबाचं बिऱ्हाड एका दिवसात उठतं. बंद तुरुंगातल्या माणसाला भिंत धरून ठेवते. इथे त्याची मुलगी सातवीत आहे, ही गोष्ट धरून ठेवते.

अर्थात पळणारेही असतात. ते गिनतीला लगेच कळतं आणि पोलिसांत गुन्हा नोंदतो. पण तसं क्वचित होतं. उलट सांगानेरच्या अधिकाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. सुटका झाली तरी काही जण जायला तयार नसतात. गावी जुनं वैर असतं, जमीन भाऊबंदांनी घेतलेली असते, आणि इथे इतक्या वर्षांत काम आणि ओळखी जमलेल्या असतात. पण सुटलेला माणूस घर सोडत नाही तोवर बराकीतल्या यादीतल्या पुढच्या माणसाला जागा मिळत नाही. देशात एकूण तुरुंग तेराशेच्या वर आहेत आणि त्यातली खुली कारागृहं जेमतेम नव्वद. म्हणून सांगानेरची जागा कमी करण्याचा विषय निघाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये खुल्या तुरुंगांचं क्षेत्र घटवू नये असं बजावलं.

एक गोष्ट मला टाळता येत नाही. मेलेल्या माणसाच्या घरी काय वाटत असेल? मिस्त्रीजींनी स्वतःच एकदा हा विषय काढला. पहिल्या पॅरोलला ते गावी गेले तेव्हा मयताची आई गल्लीत समोर आली. ती काही बोलली नाही. बाजूला झाली आणि पदर पुढे ओढून उभी राहिली. “दीदी, वीस दिवसांत मी परत त्या गल्लीतून गेलो नाही,” ते म्हणाले. त्या आईला कुणी विचारलं नव्हतं की याला वीस दिवस सोडायचं का, आणि नियमात तिचा रकाना नव्हता. माझ्या मते खुला तुरुंग बरोबर आहे, पण त्या बाईला तो पटावा अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही.

सोसायटीच्या त्या मीटिंगमध्ये शेवटी मत घेतलं आणि मिस्त्रीजींचं काम चालू राहिलं. अंकलजींनी विरोधात हात वर केला आणि पुढची सगळी वर्षं आपल्या घरचं काम त्यांनी बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं.

2023 साली मिस्त्रीजींची प्रत्यक्षातली चौदा वर्षं पुरी झाली. जन्मठेपेच्या खुनाच्या कैद्याला माफी कितीही मिळाली तरी त्याआधी सोडत नाहीत. सुटकेचे कागद चालले होते तेव्हा त्यांनी सोसायटीकडे एक पत्र मागितलं. चौदा वर्षं ज्यांचं सगळं कागदावर ठरत आलं, त्यांना बाहेर पडताना आपल्या बाजूचा एक तरी कागद हवा होता, पुढे भाड्याने घर आणि काम शोधायला. मी मजकूर लिहिला : सहा वर्षं काम केलं, कधी तक्रार नाही. सह्या घेत तिसऱ्या मजल्यावर गेले. अंकलजींनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

“माझं मत बदललेलं नाही,” ते म्हणाले. “सही करणार नाही. पण यात एक ओळ राहिली आहे, ती घाला. हा माणूस एकदाही गिनतीला उशीर करून गेला नाही. मी गॅलरीतून रोज बघत होतो.”

ती ओळ मी घातली.